माजघराचे दोन कर्ण

कोकणातलं जुनं घर विकलं जातं तेव्हा खरेदीखतात त्याचं वर्णन चार-पाच ओळींत आटोपतं. गाव, तालुका, सर्व्हे नंबर, ग्रामपंचायतीचा घर क्रमांक, 'चिरेबंदी, कौलारू, इतके चौरस फूट' आणि मग चतुःसीमा: पूर्वेस पाणंद, पश्चिमेस अमक्याचा गडगा. व्यवहाराला एवढं पुरतं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यातही बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि घरपट्टीच असते. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातल्या हद्दींवर चुन्याच्या खुणा करून ड्रोनने मोजणी होते आणि मिळकतीचा नकाशा तयार होतो. पण ड्रोनला वरून दिसतं ते छप्पर. त्याखाली माजघर किती रुंद आहे, देवघराचं दार कुठे उघडतं, माळ्यावरचा जिना कुठून चढतो, हे यातल्या एकाही कागदावर नसतं. बांधणाऱ्या गवंड्याने आणि सुताराने बहुतेकदा नकाशा काढलेलाच नसतो. म्हणजे घर पाडलं की त्याची मापंही गेली.

आमचं राजापूर तालुक्यातलं घर विकायचं ठरलं, तेव्हा ही मापं घेतली माझ्या आठवीतल्या भाच्याने. आईवडिलांना वयामुळे तिथे एकटं राहणं जमेना आणि गिऱ्हाईक तर आलं होतं. घेणाऱ्याला जागा हवी होती, घर उतरवून लाकूड आणि कौलं वापरायची होती. सामानाची बांधाबांध सुरू असताना भाचा खिशातला टेप घेऊन माझ्यामागे लागला. "मामा, मी घर मोजू? मग आजीला कागदावर काढून देईन." माझा धंदाच नकाशे काढण्याचा, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. अट एकच घातली: मापं त्याने घ्यायची, दुसरं टोक आजोबांनी धरायचं आणि मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

पहिली शंका टेपवरच आली. पाच मीटरच्या पोलादी टेपच्या टोकाचा आकडा सैल होता, पुढेमागे हलत होता. "हा मोडलाय," म्हणून तो हातोडी आणायला निघाला. तो आकडा मुद्दाम सैल ठेवलेला असतो. भिंतीच्या कडेला अडकवून ओढलं की तो स्वतःच्या जाडीएवढा बाहेर सरकतो. कोपऱ्यात टेकवून दाबलं की तेवढाच आत जातो. त्यामुळे बाहेरून मोजा की आतून, आकड्याची जाडी मापात येत नाही. ठोकून घट्ट केलेला टेप एका प्रकारच्या मापात कायम दीड-एक मिलिमीटर चुकतो. लांब अंतरांसाठी मी त्याला गवंड्याकडचा ३० मीटरचा फायबरचा टेप आणून दिला.

चार बाजूंनी खोली ठरत नाही

त्याने सुरुवात माजघरापासून केली. चारही भिंतींची लांबी घेतली: ओटीकडची ६.१२ मीटर, स्वयंपाकघराकडची ६.०५, दक्षिणेची ३.४८ आणि उत्तरेची ३.६२. आलेखाच्या कागदावर एका मीटरला दोन सेंटिमीटर असं प्रमाण धरलं आणि पट्टी-गुण्या लावून काटकोनात रेषा ओढल्या. चौथी रेषा पहिलीला येऊन मिळेचना. त्याला वाटलं, मोजण्यात चूक आहे. सगळं पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

चूक मोजण्यात नव्हती. खोली काटकोनी असणार हे त्याने न तपासताच धरलं होतं. जुन्या घरांत असे कोपरे विरळा. एक तर पाया डोळ्याने आणि दोरीने आखलेला, वर भिंतींना कैक वर्षांच्या सारवणाचे, गिलाव्याचे थर चढलेले. चार बाजूंची लांबी माहीत असली तरी आकार ठरत नाही. चार पट्ट्या टोकांना खिळ्यांनी जोडून चौकट केली तर ती तिरकी होते, दाबली की आणखी तिरकी होते, आणि लांबी मात्र एकाही पट्टीची बदलत नाही. त्रिकोणाचं तसं नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण पक्का. म्हणून खोली मोजताना तिचे दोन त्रिकोण करायचे. त्यासाठी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर घ्यायचं, म्हणजेच कर्ण.

आजोबा एका कोपऱ्यात, नातू समोरच्या कोपऱ्यात. पहिला कर्ण ७.१३ मीटर आला. आता कंपास हाती घ्यायचा. आधी ओटीकडची ६.१२ मीटरची रेषा ओढायची. तिच्या उत्तरेकडच्या टोकावर कंपास रोवून कर्णाएवढा कंस, दक्षिणेकडच्या टोकावरून ३.४८ चा कंस. ते जिथे छेदतात तो तिसरा कोपरा. त्या कोपऱ्यावरून ६.०५ चा आणि उत्तरेच्या टोकावरून ३.६२ चा कंस घेतला की चौथा. या वेळी आकृती मिटली.

मग त्याने विचारलं, "आता दुसरा कर्ण कशाला मोजायचा? आकृती तर झाली." बरोबर आहे, आकृतीला चार बाजू आणि एक कर्ण पुरतो. दुसरा कर्ण लागतो साक्षीला. कागदावर तो मोजला, तर प्रमाणाने ६.९६ मीटर येत होता. जमिनीवर मोजला, तर ६.९९ आला. तीन सेंटिमीटर जास्त.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवली की शोध सोपा होतो. टेप ओढताना होणाऱ्या चुका बहुतेक एकाच बाजूच्या असतात: माप वाढतं. टेप मध्ये झुलला, वस्तूवरून चढून गेला, तिरका गेला, काही झालं तरी तो सरळ रेषेपेक्षा लांबच असतो. सात मीटर टेपला मध्ये वीतभर झोळ पडला तर माप एक-दीड सेंटिमीटरने फुगतं. दोघं परत गेले, तेव्हा कळलं की टेप मधल्या लाकडी पेटाऱ्यावरून गेला होता. पेटारा सरकवला, टेप जमिनीलगत ताणला, माप ६.९६ आलं. कागद आणि जमीन जुळली. दोन कर्णांत १७ सेंटिमीटरचा फरक आहे म्हणजे खोली तेवढी तिरकी आहे, आणि आता तो तिरकेपणा कागदावर खात्रीने उतरला आहे.

फुगण्याचा हा नियम न पाळणारी एक चूक आहे, ती वाचण्याची. उलट्या बाजूने पाहिलं की टेपवरचा ६ हा ९ वाटतो. लांब टेपवर सेंटिमीटरचा आकडा बरोबर वाचला जातो आणि मीटरचा एकाने चुकतो. यावर उपाय गवंडी करतात तोच. टेप धरणाऱ्याने आकडा मोठ्याने म्हणायचा, लिहिणाऱ्याने तो परत म्हणून मग लिहायचा. आमच्याकडे आजी दारात बसून वही सांभाळत होती. "तीन अठ्ठेचाळीस," असं ओरडलं की ती आतून "तीन अठ्ठेचाळीस लिहिलं" म्हणायची.

भिंतीवरची दारं-खिडक्या मोजताना त्याने आधी तुकडे पाडले होते: कोपरा ते दार, दाराची रुंदी, दार ते कोनाडा, कोनाडा ते खिडकी. प्रत्येक तुकड्यात अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला, तर सहा तुकड्यांत तीन सेंटिमीटर जमा होऊ शकतात. त्यापेक्षा टेपचं शून्य कोपऱ्यात धरायचं, टेप भिंतीच्या शेवटापर्यंत पसरायचा आणि न उचलता वाचत जायचं: चौकट सुरू इथे, संपली इथे, कोनाडा इथे. प्रत्येक आकड्याची चूक त्याच्यापुरती राहते, पुढच्याच्या माथी बसत नाही.

उरलेले तेवीस सेंटिमीटर

खोल्या झाल्यावर घराची एकूण खोली घ्यायची होती. कोकणातल्या पुष्कळ घरांत पुढचं दार, माजघराचं दार आणि मागचं दार एका ओळीत असतात. आमच्याकडेही आहेत. लांब टेप ओटीच्या पुढच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून सरळ आतून नेऊन मागच्या दाराबाहेर काढला. ११.५० मीटर.

आता बेरीज. ओटीची पुढची भिंत ३० सेंटिमीटर, ओटी २.९५ मीटर, ओटी-माजघरामधली भिंत ६१ सेंटिमीटर. दारांच्या त्या ओळीवर माजघर ३.५५ मीटर, स्वयंपाकघर ३.१० मीटर. मागची भिंत ३८ सेंटिमीटर. माजघर आणि स्वयंपाकघरामधली भिंत त्याने मोजली नव्हती. मागच्या भिंतीसारखीच असणार म्हणून ३८ धरली होती. बेरीज आली ११.२७. तेवीस सेंटिमीटर कमी.

आतल्या मापांची बेरीज आणि बाहेरचं माप यांचा मेळ घातला की चूक तर सापडतेच, कधी कधी घराबद्दलही काही कळतं. हा फरक टेपच्या झोळाचा असणं शक्य नव्हतं, तो फार मोठा होता. मीटर चुकला असता तर शंभराचा फरक पडला असता. उरली न मोजलेली भिंत. दाराच्या चौकटीपाशी तिची जाडी घेतली, तर ६१ भरली. बेरीज तंतोतंत ११.५० झाली.

पण मग नवा प्रश्न आला. मागची बाहेरची भिंत ३८ आणि आतली ६१, असं कुठला गवंडी बांधेल? जाड भिंत बाहेर असते. पाऊस तीच झेलते आणि छपराचा भारही तीच घेते. ओटी-माजघराची ६१ ची भिंत ही घराची मूळ दर्शनी भिंत. तेवढ्याच जाडीची भिंत माजघराच्या मागे आहे, तर तीही कधीतरी बाहेरचीच असली पाहिजे. म्हणजे स्वयंपाकघर मागाहून जोडलेलं.

एका आकड्यावरून असा निवाडा करू नये. दुसरा पुरावा शोधायला मी त्याला पाण्याची नळी दिली. गवंडी पातळी काढायला वापरतात तीच, दहा-बारा मीटर पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीत राहतं. मध्ये भिंत असली, दार असलं, खोली वेगळी असली तरी राहतं. एक टोक माजघरात, एक स्वयंपाकघरात धरायचं, दोन्हीकडे पाण्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजायची आणि वजाबाकी करायची. फक्त नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला नको, नाहीतर पातळी खोटं सांगते. ते तपासायला मोजण्याआधी आणि नंतर दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरायची. पाणी समान दिसलं पाहिजे.

स्वयंपाकघराची जमीन माजघरापेक्षा १८ सेंटिमीटर खाली निघाली. तिथे एक पायरी आहे हे आम्हाला जन्मापासून माहीत होतं, पण ती का आहे हे कुणी विचारलं नव्हतं. घराचं मुख्य जोतं उंच, आणि त्याला लागून काढलेली पडवी खाली, ही नेहमीची रीत. मागे पडवी होती, तिला पुढे भिंती घालून स्वयंपाकघर केलं, असा अर्थ निघत होता.

तिसरा पुरावा माजघरातल्या फडताळात होता. त्याच भिंतीतलं हे लहानसं कपाट, लोणच्याच्या बरण्यांचं. ते रिकामं झालेलं होतं म्हणून भाच्याने खोलीही मोजली: ३८ सेंटिमीटर. ६१ मधून ३८ गेले की राहिले तेवीस. म्हणजे फडताळाच्या मागे तेवीस सेंटिमीटरची भिंत, एका चिऱ्याच्या रुंदीची. विजेरी लावून त्याने चौकट पाहिली. वरच्या आणि खालच्या लाकडात समोरासमोर, सारख्या अंतरावर भोकं होती आणि त्यांत मळ भरलेला होता. फडताळाला अशा भोकांचं काही काम नसतं. ती खिडकीच्या गजांची होती.

"आजी, इथे खिडकी होती का गं?"

आजी वही मिटून उठली. "माझ्या सासूबाई सांगायच्या, पूर्वी चूल मागल्या पडवीत होती म्हणून. खिडकीचं नाही कधी बोलल्या. पण असेल. तिकडून भिंत घातल्यावर खिडकी ठेवून करायचंय काय?"

भिंतीची जाडी, जमिनीची पातळी, बुजवलेली खिडकी आणि ऐकीव गोष्ट, चौघं एकच सांगत होते. हे बांधकाम कोणत्या साली झालं, हे टेप सांगू शकत नाही. त्याने क्रम सांगितला: माजघर आणि ओटी आधी, स्वयंपाकघर नंतर. वहीत आम्ही तेवढंच लिहिलं.

उंची, छप्पर आणि जिथे टेप थांबतो

नकाशा म्हणजे घराचा आडवा काप झाला. त्यावरून घर पुन्हा डोळ्यांसमोर उभं करायचं, तर एक उभा कापही हवा, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत. त्यासाठी जोत्याची उंची, उंबऱ्याची, चौकटीची, कडीपाटाच्या तुळयांची आणि आढ्याची उंची लागते.

आढ्यापर्यंत टेप उभा धरता येत नाही, तो वाकतो आणि कोसळतो. तिथे ओळंबा कामाला येतो. मी माळ्यावर चढून आढ्याला दोरी बांधली, तिच्या टोकाचा ओळंबा माळ्याच्या फळीपर्यंत सोडला आणि दोरीचं माप घेतलं. त्यात फळीची जाडी आणि खाली माजघराच्या जमिनीपर्यंतचं अंतर मिळवलं. माळ्यावरची कामं मोठ्या माणसानेच करावीत. जुन्या फळ्या कुठे किडल्या आहेत ते वरून दिसत नाही. पाय तुळईच्या रेषेवर ठेवायचा, दोन तुळयांच्या मध्ये नाही.

त्याच ओळंब्याने भिंतीही तपासता येतात. भिंतीच्या माथ्यापाशी खिळ्याला दोरी अडकवायची, वर आणि खाली दोरीपासून भिंतीपर्यंतचं अंतर घ्यायचं. दोन्ही सारखी असली तर भिंत उभी आहे. आमची उत्तरेची भिंत माथ्याकडे चार सेंटिमीटर बाहेर झुकलेली निघाली. पाया किती खोल आहे, भिंतीच्या पोटात माती आहे की चुना, हे टेपला कळत नाही. ते भिंत उकलतानाच दिसतं.

किती बारीक मोजायचं, हा प्रश्न मुलांना सतावतो. भाच्याने पहिल्या दिवशी मिलिमीटर लिहायचा हट्ट धरला. मीटरला दोन सेंटिमीटर या प्रमाणात पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच सेंटिमीटर व्यापते. खडबडीत गिलाव्याच्या भिंतीला मिलिमीटर लावण्यात अर्थ नाही, सेंटिमीटर पुरे. कोरीव चौकट, खांबाचा तळ, खुंटी यांची गोष्ट वेगळी. ती वेगळ्या पानावर मोठ्या प्रमाणात काढायची आणि तिथे मात्र मिलिमीटर धरायचे.

फोटो भरपूर काढावेत, पण मापाच्या जागी त्यांचा उपयोग नाही. फोटोतली खिडकी किती रुंद, ते फोटो सांगत नाही. भिंतीला टेकवून एक मीटरची पट्टी ठेवली आणि भिंतीसमोर सरळ उभं राहून फोटो घेतला, तर त्याच भिंतीवरच्या वस्तूंचा अंदाज पुढे बांधता येतो. पट्टी भिंतीपुढे दोन हात असली तर तोही फसतो.

पक्का नकाशा झाल्यावर कच्ची वही टाकून देण्याचा मोह होतो. तीच जपायची असते. पक्क्या नकाशात काढणाऱ्याने काही जोडलेलं, काही सरळ केलेलं असतं. प्रत्यक्ष काय मोजलं आणि काय धरून चाललो, ते वहीतच कळतं. आमच्या वहीत माजघराचं फसलेलं चौकोनी चित्र आहे, पेटाऱ्यावरून गेलेला ६.९९ खोडून लिहिलेला ६.९६ आहे, आणि 'भिंत ३८ (धरली)' यावर काट मारून '६१ (मोजली)' असं आजीच्या अक्षरात आहे. पक्क्या नकाशाची एक प्रत घर घेणाऱ्यालाही दिली. तुळया आणि वासे किती लांबीचे निघतील, हे त्याला छप्पर उतरवण्याआधीच कळलं.

तुमच्याकडे असं घर असेल आणि सौदा ठरत आला असेल, तर मापं बांधाबांधीच्या आधी नव्हे, खोल्या रिकाम्या झाल्यावर आणि कौलं उतरायच्या आधी घ्या. छप्पर गेलं की आढ्याची उंची कायमची गेली. दोन माणसं आकडे घ्यायला, एक लिहायला, एक लांब टेप, ओळंबा, पाण्याची नळी आणि वही, एवढं सामान पुरतं. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या, प्रत्येक भिंतीची जाडी दारापाशी मोजा, आतली बेरीज बाहेरच्या मापाशी ताडून पाहा. पानावर तारीख, उत्तर दिशा आणि मोजणाऱ्यांची नावं लिहा. आणि घरातली म्हातारी माणसं अजून त्या घरात राहत आहेत तोवरच हे करा. फडताळ मोजता येतं टेपने, पण चूल मागल्या पडवीत होती हे त्यांनाच विचारावं लागतं.